लग्नाचा विस्कटलेला डेटा एका रात्रीत कसा लावायचा

लग्नाच्या व्हिडिओच्या मिक्सिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, असं विचारलं तर बहुतेक लोक गाणी, इफेक्ट आणि रंग असं सांगतील. डेटा नीट आला असेल तर ते खरंही आहे. पण दोन-तीन कॅमेरे, एक ड्रोन आणि पाहुण्यांचे फोन यांचं सगळं एकाच डिस्कवर कोणीतरी ओतून आणलं असेल, तर रात्रीचा मोठा भाग एकाच प्रश्नात जातो: ही क्लिप नक्की कधीची? त्याचं उत्तर मिळेपर्यंत टाइमलाइनला हात लावायचा नाही, हा या लेखातला मुख्य मुद्दा. तो कसा पाळायचा हे कोल्हापुरातल्या एका स्टुडिओच्या एका रात्रीवरून सांगतो. स्टुडिओ मिरजकर तिकटीजवळ, एका जिन्याखाली. एक एडिटर, एक हाताखालचा पोरगा, आणि लग्नसराईमुळे आधीच डोक्यावर चार लग्नांचं काम.

सोमवारी रात्री नऊला नवरदेवाचे मामा आले. लग्न रविवारी, १६ फेब्रुवारी २०२५ ला झालं होतं, हळद शनिवारी. मंगळवारी सकाळी दहाला सत्यनारायणाची पूजा. पूजेला भावकी जमणार, लग्नाला येऊ न शकलेली आजी असणार, आणि पूजा उरकली की नवरदेव ड्यूटीवर जाणार. तेवढ्यात टीव्हीवर लावता येईल अशी पंचवीस मिनिटांची फिल्म हवी. शूटिंगवाले वेगवेगळे बोलावले होते, त्यामुळे मिक्सिंग कोणाच्याच अंगावर नव्हतं.

“सगळं ह्या डिस्कमधी हाय बघा,” मामा म्हणाले. “भाच्यानं बसून कॉपी केलंय.”

एडिटरनं डिस्क घेतली आणि तीन प्रश्न विचारले. कॅमेरावाले किती होते? प्रत्येकाकडून किती कार्डं घेतली? आणि कॉपी करताना कम्प्युटरनं काही विचारलं होतं का? शेवटच्या प्रश्नावर मामांनी भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, “विचारत होता की काहीतरी, रिप्लेस करू का म्हणून. केलं मग.”

आधी आकडे बघा, चित्र नंतर

अशा वेळी पहिली चूक होते ती क्लिपा उघडून बघत बसण्याची. बघण्यात तास जातो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी सगळ्या फाइलींची यादी काढायची: नाव, कॅमेऱ्यानं लिहिलेली वेळ, लांबी आणि आकार. `exiftool` नावाचा एक फुकट प्रोग्रॅम हे काम मिनिटभरात करतो.

```
exiftool -r -T -FileName -CreateDate -Duration -FileSize D:\LAGNA > yadi.txt
```

ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की चार रकाने दिसतात. पहिल्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये C0001 ते C0094 अशा सलग फाइली होत्या, एकही क्रमांक गळालेला नव्हता. वरवर पाहणारा समाधान मानून पुढे गेला असता. पण वेळेच्या रकान्यात C0001 ते C0052 रविवारच्या होत्या, आणि C0053 पासून पुढे एकदम शनिवार संध्याकाळ लागत होती. क्रमांक पुढे जातोय आणि तारीख मागे येतेय, हे एका कार्डात होत नाही.

झालं होतं असं. काही कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की क्रमांक पुन्हा C0001 पासून सुरू होतो. हळदीचं कार्ड C0001 ते C0094, लग्नाचं कार्ड C0001 ते C0052. भाच्यानं दुसरं कार्ड त्याच फोल्डरवर टाकलं आणि रिप्लेस म्हटलं, तेव्हा हळदीच्या पहिल्या बावन्न क्लिपा जागच्या जागी पुसल्या गेल्या. उरली ती हळदीची शेपटी.

हा घोटाळा डिस्कवर दुरुस्त होत नाही, कार्डावरच व्हावा लागतो. त्यामुळे आता महत्त्वाचा एकच प्रश्न होता आणि तो फोनवर विचारायचा होता. कॅमेरावाला कसबा बावड्यात राहणारा, जेवत होता.

“हळदीचं कार्ड कुठं हाय रं? फॉरमॅट केलंयस काय?”

“न्हाई अजून. उद्याच्या लग्नासाठी कॅमेऱ्यात घालून ठेवलंय. सकाळी करणार होतो.”

“काढ ते बाहेर. बाजूची लॉकची पट्टी खाली कर आणि ठेव तसंच. पोरगा निघालाय.”

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला ती छोटी पट्टी असते. ती खाली सरकवली की कार्डावर लिहिलं जात नाही, फक्त वाचलं जातं. कार्ड फॉरमॅट झालं असतं तरी सगळं संपलं असं नव्हे. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त फाइलींची अनुक्रमणिका पुसतं, मूळ डेटा नवं शूटिंग वर येईपर्यंत तिथंच असतो आणि `PhotoRec` सारख्या प्रोग्रॅमनं बराचसा परत निघतो. पण व्हिडिओच्या फाइली मोठ्या असतात, कार्डावर तुकड्यांत पसरलेल्या असल्या तर त्या मोडक्या निघतात, आणि त्याला लागणारा वेळ त्या रात्री नव्हताच. म्हणून फोन आधी, चहा नंतर.

पोरगा कार्ड घेऊन येईपर्यंत एडिटरनं मामांच्या डिस्कची आपल्या डिस्कवर पूर्ण कॉपी केली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. काम नेहमी कॉपीवर करायचं. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर द्यायचा: `CAM1_HALAD`, `CAM1_LAGNA`, असं. एका फोल्डरमध्ये दोन कार्डं कधी टाकायची नाहीत, मग ती एकाच कॅमेऱ्याची असली तरी. साडेदहाला कार्ड आलं. ६४ जीबीचं कार्ड बऱ्या रीडरवर सेकंदाला ८० एमबीनं उतरतं, म्हणजे साधारण चौदा मिनिटं. उतरल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स दोन्हीकडे ताडून पाहायचे. दोन्ही जुळले, बावन्न क्लिपा परत आल्या.

घड्याळं जुळवणं

आता खरं काम. यादीत प्रत्येक फाइलीसमोर वेळ आहे, पण ती वेळ ज्या त्या कॅमेऱ्याच्या घड्याळाची. आपल्याला हवं एकच घड्याळ.

ते घड्याळ पत्रिकेत शोधू नका. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता, अक्षता कधी पडल्या हे भटजींना आणि बँडवाल्यांना ठाऊक. भरवशाचं घड्याळ म्हणजे पाहुण्यांचा फोन. फोनची वेळ मोबाइल नेटवर्कवरून आपोआप लागते, त्यामुळे ती सेकंद-दोन सेकंदांत बरोबर असते. अट एवढीच की क्लिप फोनच्या गॅलरीतून थेट घ्यायची. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलीचं नाव `VID-20250217-WA0031.mp4` असलं काहीतरी असतं. त्यात तारीख आहे ती पाठवल्याची, शूटिंगची नाही, आणि तास-मिनिटं तर नाहीतच. शिवाय चित्र दाबलं जातं. पाठवणाऱ्याला तीच क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायची, म्हणजे फाइल आहे तशी येते. भाच्यानं चूक भरून काढायच्या उत्साहात रात्री अकराला सगळ्या क्लिपा अशाच पाठवल्या. बिचाऱ्याला ओरडायचं राहूनच गेलं.

त्यातल्या एका फाइलचं नाव होतं `VID_20250216_124410.mp4`. म्हणजे क्लिप रविवारी १२:४४:१० ला सुरू झाली. तीच फाइल `exiftool` मध्ये मात्र ०७:१४ दाखवत होती. पोरगा गोंधळला. यात घोळ काही नाही. फोन फाइलीच्या पोटात वेळ लिहितो ती जागतिक म्हणजे यूटीसी, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला की दुसरं कारण शोधत बसायचं नाही.

पुढची पायरी म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपलेला एखादा क्षण शोधणं. आपल्याकडच्या लग्नात तो तयारच असतो. शेवटची मंगलाष्टक संपते, ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट बाजूला होतो आणि बँड एकदम फुटतो. चित्रातही दिसतं, आवाजातही कळतं. फोनच्या क्लिपमध्ये बँडचा पहिला ठोका ३८ व्या सेकंदाला होता. म्हणजे खरी वेळ १२:४४:४८.

पहिल्या कॅमेऱ्याची मंगलाष्टकांची क्लिप म्हणजे C0031. ती त्याच्या घड्याळानं १२:३१:०५ ला सुरू झालेली, आणि बँडचा ठोका तिच्यात ६ मिनिटं २१ सेकंदांवर. म्हणजे कॅमेऱ्याच्या घड्याळात त्या वेळी १२:३७:२६ वाजले होते. खऱ्या वेळेतून वजा केले की ७ मिनिटं २२ सेकंद उरतात. कॅमेरा तेवढा मागे. का मागे, याचा शोध घ्यायची गरज नाही, किती मागे हे पुरे. पण एका क्षणावर विश्वास ठेवायचा नाही. सप्तपदीच्या वेळची फोनची आणखी एक क्लिप होती, तिच्यावरूनही फरक ७:२२ च निघाला. दोन ठिकाणी एकच उत्तर आलं, म्हणजे दिवसभर घड्याळ तेच होतं.

दुसऱ्या कॅमेऱ्यानं मात्र एक तास खाल्ला. यादीत त्याच्या सगळ्या क्लिपा १ जानेवारी २०१८ च्या होत्या. त्यातही हळदीच्या क्लिपा रात्री एक-दोनच्या, अक्षतांच्या तीनच्या, आणि मधल्या सीमांतपूजनाच्या पुन्हा साडेबाराच्या. वेळेनुसार लावलं तर नवरदेव मांडवाच्या दारात येऊन परत हळदीला बसत होता.

याचं कारण कॅमेऱ्याच्या आतल्या छोट्या बॅटरीत असतं. मोठी बॅटरी बदलताना घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. जुन्या कॅमेऱ्यात ती मेली की प्रत्येक वेळी बॅटरी बदलल्यावर घड्याळ ठरलेल्या एका तारखेवर परत जातं. कॅमेरा सुरू होताना तारीख विचारतो, पण समोर नवरदेव घोड्यावरून उतरत असताना तारीख कोण भरत बसणार? कॅमेरावाला ती पाटी बंद करतो आणि शूटिंग सुरू करतो. थोडक्यात हा एक कॅमेरा नसून घड्याळाच्या दृष्टीनं तीन कॅमेरे आहेत, आणि प्रत्येकाचा फरक वेगळा काढावा लागतो.

गट पाडायची युक्ती सोपी. बॅटरी बदलल्यानं घड्याळ मागे गेलं तरी याच्या फाइलींचा क्रमांक पुढेच चालत राहिला होता. म्हणून यादी नावानुसार लावायची आणि वेळेच्या रकान्यावरून बोट खाली नेत जायचं. जिथं वेळ अचानक मागे उडी मारते, तिथं बॅटरी बदलली. अशा दोन उड्या सापडल्या, म्हणजे तीन गट.

तिसरा गट अक्षतांचा, त्याला फोनचा तोच ठोका लागला. MVI_0412 ही क्लिप ०३:१२:४० ला सुरू, ठोका २ मिनिटं १५ सेकंदांवर, म्हणजे ०३:१४:५५. १ जानेवारी २०१८ पासून १६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ७ वर्षं, १ महिना, १५ दिवस, आणि वर ९ तास २९ मिनिटं ५३ सेकंद. दुसऱ्या गटाच्या वेळी फोनवर कोणी काही काढलंच नव्हतं. तिथं पहिला कॅमेराच घड्याळ झाला, कारण तो आता खऱ्या वेळेवर आला होता. मांडवाच्या दारात नवरदेवाच्या पायावर पाणी घालताना एका काकूंच्या हातून तांब्या फरशीवर पडला होता. दोन्ही कॅमेऱ्यांच्या आवाजाच्या लहरीत तो सुईसारखा उभा दिसत होता. एरवी असला क्षण कापून टाकतात, इथं त्यानं अर्धा तास वाचवला. हळदीच्या गटाला एका आत्याचा उखाणा आणि त्यावरचा हशा उपयोगी पडला, आणि तोही सापडला कसबा बावड्याहून आलेल्या कार्डावर. ते कार्ड आलं नसतं तर दुसऱ्या कॅमेऱ्याची हळदही हवेतच लटकली असती.

फरक सापडले की ते फाइलीच्या नावात उतरवायचे. मूळ फाइलीच्या पोटातली वेळ बदलायची नाही, नाव फक्त बदलायचं, तेही कामाच्या कॉपीवर. पहिल्या कॅमेऱ्यासाठी असं:

```
exiftool "-FileName<CreateDate" -globalTimeShift "0:0:0 0:7:22" -d "CAM1_%Y%m%d_%H%M%S_%%f.%%e" D:\KAAM\CAM1_LAGNA
```

दुसऱ्या कॅमेऱ्याच्या तिसऱ्या गटासाठी फरकाच्या जागी `"7:1:15 9:29:53"` आणि नावात CAM2. `%%f` मुळे जुनं नाव शेवटी तसंच राहतं, उद्या मूळ फाइल शोधायची वेळ आली तर अडत नाही. हुकूम चालवल्यावर MVI_0412 चं नाव `CAM2_20250216_124233_MVI_0412.MP4` झालं. १२:४२:३३ मध्ये २:१५ मिळवले की १२:४४:४८. हा ताळा प्रत्येक गटाच्या एका तरी क्लिपवर करून बघायचा. अधिक-उण्याची चूक इथंच होते आणि टाइमलाइनवर गेल्यावर ती सापडायला पहाट होते.

आवाजावर जुळवणी, आणि हलगीचा चकवा

रात्रीचा एक वाजला होता. आता क्लिपा सेकंद-दोन सेकंदांच्या फरकानं आपापल्या जागी होत्या. मल्टिकॅमला, म्हणजे एकच प्रसंग दोन कॅमेऱ्यांत आलटून पालटून दाखवायला, एवढं चालत नाही, तिथं फ्रेम जुळली पाहिजे. ते काम प्रीमियर किंवा रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर आवाजाच्या लहरी ताडून करतं.

मंगलाष्टकांना ही पद्धत झकास चालते, कारण कोणतंही कडवं दुसऱ्यासारखं नसतं. मिरवणुकीत तीच पद्धत फसते. हलगी आणि घुमकं एकाच ठेक्यात दहा दहा मिनिटं वाजत असतात, प्रत्येक आवर्तन मागच्यासारखंच. सॉफ्टवेअरला एक आवर्तन पुढे किंवा मागे जुळलं तरी जुळल्यासारखंच वाटतं, आणि तसं ते ठामपणे सांगतं. ओळखायचं कसं? हलगीवाल्याच्या टिपरूकडे बघा, ते दोन्ही कॅमेऱ्यांत बरोबर पडेल, कारण ठेका तोच आहे. म्हणून फसगत होते. बघायचं ते पुन्हा न घडणारं काहीतरी: कोणीतरी ओवाळून टाकलेली नोट, शिट्टी, फटाका, हवेत उडवलेला फेटा. ते जुळलं नाही तर सॉफ्टवेअरचं ऐकायचं नाही. एडिटरनं मिरवणुकीच्या चार जोड्या हातानं सरकवल्या. आधी नावात खरी वेळ घातलेली असल्यानं सरकवायला दोन-तीन सेकंदांचाच टापू होता, नाहीतर तासभर धुंडाळावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दुसरा कॅमेरा स्टेजपासून तीस मीटरवर, हॉलच्या दाराशी होता. तिथं आवाज पोचायला सेकंदाचा जवळपास अकरावा भाग लागतो. आपली टाइमलाइन २५ फ्रेमची, एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाजावर जुळवलेलं चित्र साधारण दोन फ्रेम चुकतं. भटजींच्या ओठांकडे बघितलं की हे खटकतं. उपाय असा की लांबच्या कॅमेऱ्याची क्लिप चित्रावर जुळवायची, अंतरपाट हलायला लागतो त्या फ्रेमवर, आणि आवाज सगळीकडे स्टेजजवळच्या कॅमेऱ्याचाच ठेवायचा. ड्रोनच्या क्लिपांना आवाजच नसतो, त्या डोळ्यानंच.

फोनच्या क्लिपांचं आणखी एक आहे. फोन प्रकाशाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेली क्लिप पाच मिनिटांनी सुटलेली दिसू शकते. लांब क्लिप वापरायची असेल तर आधी ती ठराविक वेगावर बदलून घ्या:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a aac -ar 48000 phone_25.mp4
```

दहा-पंधरा सेकंदांचा तुकडाच घ्यायचा असेल तर एवढंही नको, लागेल तिथं जुळवून मोकळं व्हायचं.

कापणी

दोनच्या सुमाराला नऊ तासांचं शूटिंग एका लांब टाइमलाइनवर ओळीनं पसरलं होतं. इथून पुढं काम भरभर चालतं, आणि ते तसं चाललं नाही तर मागची पायरी कच्ची राहिली असं समजायचं.

एडिटरनं कापायच्या आधी मामांना मेसेज टाकला: फिल्ममध्ये दिसलेच पाहिजेत अशा दहा माणसांचे फोटो पाठवा, नावं नकोत, नाती लिहा. कुटुंबाच्या फिल्ममध्ये शॉट कितीही देखणा असो, मोठे चुलते दिसले नाहीत तर तीच चर्चा पुढच्या लग्नापर्यंत चालते. मामा जागेच होते. फोटो आले.

मिनिटांची वाटणी त्यानं आधीच ठरवली. हळदीला तीन, मांडवात येण्याला तीन, मंगलाष्टका आणि अक्षतांना सहा, कन्यादान ते सप्तपदी विधींना सहा, पाठवणीला चार, वरात आणि माप ओलांडण्याला तीन. पंचवीस भरले. क्रम जसा घडला तसाच. पाठवणीपासून सुरू करून मागे जाणाऱ्या सिनेमॅटिक फिल्मा हायलाइटला शोभतात. पूजेला जमलेल्या भावकीला लग्न पहिल्यापासून बघायचं असतं, आणि आजींना तर ते प्रथमच दिसणार होतं. सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात असलो तरी त्या सकाळी कोणाला कलाकृती नको होती.

मंगलाष्टका सहा मिनिटांत बसवताना कडव्याच्या मध्ये कात्री लावायची नाही. ‘सावधान’ संपल्यावर कापायचं आणि पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर उचलायचं. बघणारे अर्धे लोक तोंडातल्या तोंडात म्हणत असतात, मध्येच तोडलं तर सगळ्यांना ठेच लागते. तीन कडवी पूर्ण घेतली, बाकीची पूर्ण सोडली. चित्र मात्र आवाजाच्या खाली बदलत ठेवलं: स्टेज, मग आईचा चेहरा, मग मागची रांग.

एक जागा रिकामी राहिली. मंगळसूत्र घालताना पहिल्या कॅमेऱ्यासमोर फोटोवाल्याची पाठ आली होती आणि दुसरा कॅमेरा तेवढ्यात बंद होता. फोनच्या यादीत ती वेळ शोधली, तर कोणा वहिनींची अकरा सेकंदांची उभी क्लिप सापडली. उभी क्लिप ताणून पडदा भरायचा मोह आवरायचा, त्यात डोकी कापली जातात. तीच क्लिप धूसर करून पाठीमागे लावली आणि मधोमध मूळ उभी ठेवली. चित्र कमी प्रतीचं दिसतं, पण मंगळसूत्र दिसतं.

टीव्हीवर चालेल अशी फाइल

साडेपाचला कापणी संपली. रंगात त्यानं फक्त दोन कॅमेऱ्यांचा पांढरा एकसारखा केला, नाहीतर शालू एका शॉटमध्ये लाल आणि पुढच्यात केशरी दिसत होता.

फाइल काढताना ती कुठं चालणार याचा विचार करा. घरचा टीव्ही, पेनड्राइव्ह. बरेच जुने टीव्ही फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच नीट वाचतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. पंचवीस मिनिटं म्हणजे १,५०० सेकंद, सेकंदाला १६ मेगाबिट धरले तर २४,००० मेगाबिट, आठानं भागले की ३,००० एमबी. बसते. फुल एचडी, २५ फ्रेम, H.264, आवाज AAC, फाइल MP4. जुन्या टीव्हीलाही हे पचतं. फोरके काढायचा हट्ट इथं नको.

मग फाइल कम्प्युटरवर बघून भागत नाही. स्टुडिओच्या टीव्हीला तोच पेनड्राइव्ह लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघायची, पोरग्याच्या हातात वही देऊन. त्यात अठराव्या मिनिटाला एक काळी फ्रेम सापडली, दोन क्लिपांमध्ये राहिलेली फट. पुन्हा काढायला वेळ होता, कारण तो धरलेला होता. सव्वाआठला मामा पेनड्राइव्ह घेऊन गेले. सोबत दुसरा, तीच फाइल असलेला. पूजेच्या घरात पेनड्राइव्ह हरवायला वेळ लागत नाही.

प्रोजेक्ट मात्र बंद करून टाकायचा नाही आणि कामाची कॉपीही पुसायची नाही. दुपारी दीडला फोन आला. फिल्म दोनदा लावली होती, तिसऱ्यांदा लावा म्हणत होते.

“लई भारी झालंय, पण आमच्या थोरल्या आक्का कुठंच न्हाईत की हो. दहा फोटोत आमी त्यांचा धाडलाच न्हाई. रुसल्यात.”

“कुठं होत्या त्या, सांगा.”

“औक्षणाला. मांडवाच्या दारात. त्यांच्याच हातातनं तांब्या पडला.”

एडिटरनं वेळ बघितली, दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिपा ओळीनं उभ्याच होत्या. तांब्या पडायच्या आधीचे सात सेकंद उचलले, मांडवाच्या भागात घातले आणि तेवढेच घोड्याच्या शॉटमधून कमी केले. नवी फाइल निघेपर्यंत जेवून घेतलं.